आमच्या पटखेळाला नाव हवंय: लक्षात राहील, शोधलं तर सापडेल असं. टॅगलाईनही सुचवा

चौकट · शनिवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. मी, माझी वहिनी आणि कॉलेजातला एक मित्र असे आम्ही तिघं दोन वर्षं एक पटखेळ बनवतोय. खेळून खेळून नियम आता पक्के झालेत, चित्रं होत आलीत आणि दिवाळीआधी ५०० प्रती छापायच्या आहेत. नावावर मात्र गाडी अडली आहे.

आधी खेळ सांगते. पुण्यातला जुना वाडा, त्यात पाच बिऱ्हाडं आणि चौकात एकच नळ. प्रत्येकाकडे हंडा, कळशी, बादली आणि तांब्या अशी भांडी असतात. ती रांगेत लावून ठेवायची. पाणी कधी येणार ते कुणालाच माहीत नसतं. पत्त्यांच्या गड्डीतून नळाचा पत्ता उलटला की रांगेत जे भांडं पुढे असेल ते भरतं. मोठा हंडा लावला तर पाणी जास्त मिळतं, पण मागच्यांचा खोळंबा होतो आणि तुमचे शेजाराचे गुण जातात. शेवटी पाणी आणि शेजार दोन्ही मोजतात. २ ते ५ खेळाडू, साधारण पाऊण तास.

पहिल्या दिवसापासून आम्ही याला 'वाडा' म्हणतोय. गेल्या महिन्यात एका प्रदर्शनात नमुना मांडला होता. एक काका-काकू शनिवारी तासभर खेळले, नाव विचारून गेले आणि रविवारी पुन्हा आले. म्हणाले, "रात्री मुलीला दाखवायला शोधलं, तर वडे वाढायच्या लाकडी पाटांचे फोटो आले." त्यांनी vada board game असं टाइप केलं होतं. ते परत आले म्हणून आम्हाला कळलं तरी. न आलेले किती असतील, या विचाराने मला झोप लागली नाही.

तर नाव सुचवा. टॅगलाईन सध्या 'लहानथोरांसाठी धमाल कौटुंबिक खेळ' अशी आहे, तीही कुणाला फारशी पटत नाहीये.

गोट्या७८ · शनिवार, १०:३१

वाड्यासाठी 'श्रमसाफल्य' छान आहे. आमच्या शेजारच्यांचं 'मातृछाया' होतं. दगडात कोरून घ्या, रंग उडत नाही.

मीनाक्षी_ठाणे · शनिवार, १०:४०

गोट्या, अरे वाडा बांधत नाहीयेत त्या, खेळ बनवतायत. :)

चौकटताई, कल्पना फार आवडली. आमच्या आजीच्या वाड्यात रांगेत भांडं पुढे सरकवल्यावरून दोन घरं चार वर्षं बोलत नव्हती. नाव 'वाडा'च ठेवा की! छोटं आहे, गोड आहे. छोटी नावंच लक्षात राहतात.

पटावरचा · शनिवार, ११:२५

छोटी नावं लक्षात राहतात हे खरं, पण ती आधीच कुणीतरी घेतलेली असतात. मी आत्ता चार प्रकारे शोधून बघितलं. Wada टाकलं की उत्तेजकांची तपासणी करणारी जागतिक क्रीडासंस्था येते, कारण तिचं आद्याक्षरी नाव WADA. खालोखाल पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि वाडा कोलम तांदूळ. Vada टाकलं की बटाटेवडा, मेदूवडा आणि पाककृती, त्यांना अंत नाही. Waada आणि Vaada टाकलं की हिंदीतला 'वादा', म्हणजे गाणीच गाणी. यात तुमच्या ५०० डब्यांना जागा कुठे आहे?

माझा अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या खेळाचं नाव 'रांग' होतं. डब्यावर देवनागरीत ठसठशीत छापलं होतं. लोक मात्र फोनवर रोमनमध्ये शोधतात आणि Rang म्हणजे जगाच्या दृष्टीने रंग. होळीचे, भिंतीचे, कपड्यांचे. दीड वर्षात ज्यांनी शोधून विकत घेतला ते सगळे ओळखीचे होते, कारण त्यांना मी दुवा पाठवला होता. तीच गोष्ट बादली आणि बदलीची. मराठीत कानाला स्पष्ट वेगळे वाटणारे शब्द रोमनमध्ये एक होतात. इथे सगळ्यात जास्त नावं मरतात.

निळू_द · शनिवार, ११:५०

शिवाय 'वाडा' हा सर्वसामान्य शब्द आहे, त्याचा ट्रेडमार्क मिळतच नाही. शब्दकोशात असलेला कुठलाही शब्द नोंदवता येत नाही. म्हणून तर कंपन्या अर्थ नसलेली नावं घेतात. तुम्हीही काहीतरी बनवलेला शब्द घ्या. 'वाडोरा', 'नळोबा' वगैरे.

सुलभा_अकोला · शनिवार, दुपारी १२:१५

नळोबा! हे तर मंदिराचं नाव वाटतंय.

एक विचारू? तुमच्या खेळात नळाचा पत्ता उलटला की खेळणारे काय म्हणतात? आमच्याकडे अजूनही कुणीतरी गच्चीवरून ओरडतं, "नळ आलेऽऽ". पाणी आलं असं कुणी म्हणत नाही. नळ आले म्हटलं की सगळी गल्ली हातातलं टाकून धावते.

चौकट · शनिवार, १२:४०

सुलभाताई, आम्ही पुण्यात 'पाणी आलं' म्हणतो. नियमात सध्या काहीच म्हणायचं नाहीये. पत्ता उलटला की गुपचूप मोजणी सुरू होते.

आमच्या यादीतली बाकीची नावं: बिऱ्हाड, नळकोंडाळं (वहिनीचं लाडकं), हंडाकळशी.

डसेलडॉर्फकर · शनिवार, १:०५

नळकोंडाळं! किती वर्षांनी हा शब्द वाचला. पण माझ्या इथल्या मित्रांना मी हे कसं सांगू? मलाच रोमनमध्ये कसं लिहायचं ते कळेना. Nalkondala, Nalkondale, Nalkondalam, तिन्ही चूक वाटतात.

इकडे जवळच एस्सेनला दर ऑक्टोबरमध्ये पटखेळांची मोठी जत्रा भरते, मी दरवर्षी जातो. तुम्हाला बाहेर विकायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या: जर्मन माणूस W चा उच्चार 'व' करतो आणि V चा बहुतेक वेळा 'फ'. म्हणजे Vada छापलंत तर इथे काही जण 'फाडा' वाचू शकतात.

नावातल्या गमतीबद्दल सांगायचं तर रेल्वेमार्ग जोडायचा जो प्रसिद्ध खेळ २००४ मध्ये आला, 'टिकट टू राइड', तो इथे Zug um Zug नावाने मिळतो. Zug म्हणजे आगगाडी आणि Zug म्हणजेच खेळातली चालही. शिवाय तो वाक्प्रचार आहे, 'एकामागून एक' अशा अर्थाचा. मूळ नावाचं भाषांतर करत बसले नाहीत, आपल्या भाषेत जे आधीच तोंडात होतं ते उचललं. सुलभाताईंचं 'नळ आले' मला त्या जातीचं वाटतंय.

सनद · शनिवार, ३:२०

निळू यांनी लिहिलंय त्यात निम्मं बरोबर आहे, पण उरलेल्या निम्म्यामुळे लोक उगाच चांगले शब्द सोडून देतात, म्हणून लिहिते. मी याच कामात आहे.

शब्द शब्दकोशात आहे म्हणून नोंदणी अडत नाही. तो शब्द तुमच्या मालाचंच वर्णन करतो का, हा प्रश्न असतो. सफरचंद विकणाऱ्याला 'सफरचंद' हे नाव स्वतःचं म्हणून मिळणार नाही, संगणक विकणाऱ्याला मिळू शकतं. तसं तुम्ही खेळाचं नाव 'पटखेळ' किंवा 'कौटुंबिक खेळ' ठेवलंत तर अडेल. 'वाडा' मधल्या मुलखात येतं, कारण खेळ वाड्याबद्दल आहे. परीक्षक कोण आणि तुम्ही बाजू कशी मांडता यावर जाईल. 'नळ आले' किंवा 'हंडाकळशी' मला जास्त सुरक्षित वाटतात.

करायचं एवढंच: ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध मोफत आहे. वर्ग २८ निवडा, खेळ आणि खेळणी त्यात येतात. नुसतं जसंच्या तसं नाव टाकून थांबू नका, उच्चारसाम्याचाही शोध तिथेच आहे, तोही करा. कारण आक्षेप नुसत्या स्पेलिंगवर नाही, ऐकायला सारखं वाटण्यावरही येतो. २००८ मध्ये कोलकात्याच्या दोन भावांच्या 'स्क्रॅब्युलस' या ऑनलाइन खेळाचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. खेळाच्या नियमांवरचा कॉपीराइटचा दावा न्यायालयाने मानला नाही, पण 'स्क्रॅबल'शी साम्य असलेलं नाव वापरायला मनाई केली. पुढे तोच खेळ 'लेक्स्युलस' झाला. खेळ वाचला, नाव गेलं.

अर्जाची फी व्यक्ती किंवा लघुउद्योग असाल तर ऑनलाइन एका वर्गाला ४,५०० रुपये. एकाच अर्जाचे पैसे असतील तर लोगोसाठी न करता शब्दासाठी करा. लोगो पुढच्या वर्षी बदलाल, शब्द तोच राहील.

निळू_द · शनिवार, ३:४५

सनद, धन्यवाद. माझ्या भावाला 'ताजं पीठ' नावासाठी नकार आला होता, त्यावरून मी धरून चाललो होतो. तो पीठच विकतो, म्हणजे तुमच्या म्हणण्यात बसतंय. बनवलेल्या शब्दाचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. 'स्क्रॅबल'सुद्धा आधी 'लेक्सिको' आणि मग 'क्रिस-क्रॉस वर्ड्स' होतं, १९४८ मध्ये नाव बदललं, तेव्हा कुठे चाललं.

पटावरचा · शनिवार, ४:३०

निळू, पण 'स्क्रॅबल' बनवलेला शब्द नाही रे. इंग्रजीत आधीपासून आहे, धडपडून, चाचपडून काहीतरी हाताला लागतंय का बघणं अशा अर्थाचा. म्हणजे पिशवीत हात घालून अक्षरं काढताना माणूस करतो तेच. 'क्रिस-क्रॉस वर्ड्स' खेळाचं वर्णन करत होतं, 'स्क्रॅबल' खेळताना काय वाटतं ते सांगतं. मला यातून सुलभाताईंच्या प्रश्नाकडे परत जावंसं वाटतं. खेळताना लोक ओरडतात काय?

ऊनो घ्या. हातात एक पत्ता उरला की खेळाचं नावच मोठ्याने म्हणावं लागतं. एका बैठकीत लहान मूल दहा वेळा ते नाव ऐकतं. घरी जाऊन विसरणं शक्य आहे का? चौकट, तुमच्या खेळात असा क्षण आयता आहे आणि तुम्ही तो गुपचूप मोजणीत घालवताय. नळाचा पत्ता उलटला की जो आधी "नळ आले!" म्हणेल त्याला एक भांडं पुढे सरकवू द्या. एकदा करून बघा.

चौकट · शनिवार, रात्री ९:५०

पटावरचा, आज संध्याकाळीच घरी करून बघितलं! वहिनीची दोन मुलं आणि शेजारच्या आजी असे खेळायला होते. पहिल्या दोन वेळा कुणी ओरडलंच नाही. तिसऱ्या वेळी आजी एवढ्या जोरात ओरडल्या की खालच्या मजल्यावरून फोन आला, आज जादा पाणी सोडलंय का म्हणून. त्यानंतर मुलं पत्ता उलटायच्या आधीच तोंड उघडून बसायला लागली. नियम ठेवणारच आहोत, नाव काहीही ठरो.

पण माझा जीव अजून 'बिऱ्हाड'मध्ये अडकलाय. किती सुंदर शब्द आहे.

अनुस्वार · रविवार, सकाळी ८:०५

सुंदर आहे, पण शोधण्याच्या दृष्टीने त्यात एक अदृश्य खड्डा आहे. मी मराठी मजकुराच्या शोधप्रणालीवर काम करते, रोज यात पडते. 'ऱ्हा' दोन प्रकारे टाइप होतो आणि डोळ्यांना फरक दिसत नाही:

```
ऱ्हा = U+0931 U+094D U+0939 U+093E
र्‍हा = U+0930 U+094D U+200D U+0939 U+093E
```

पहिल्यात वेगळा 'ऱ' आहे, दुसऱ्यात साधा 'र' आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. कुठला कळफलक वापरता त्यावर अवलंबून. मोठी शोधयंत्रं बऱ्याचदा सांभाळून घेतात. पण छोट्या दुकानाच्या संकेतस्थळावरची शोधपेटी किंवा तुमच्या स्वतःच्या साठ्याची यादी अक्षराला अक्षर जुळवते. ग्राहक एक टाइप करतो, यादीत दुसरं असतं, 'काही सापडले नाही' येतं आणि दोन्ही शब्द पडद्यावर हुबेहूब सारखे. त्यात ज्यांना हा अर्धा र जमत नाही ते 'बिर्हाड' लिहितात, तो तिसरा प्रकार. हीच अडचण कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा या सगळ्यांची.

नाव ठेवूच नका असं नाही. ठेवलंत तर प्रत्येक यादीत तिन्ही रूपं घालावी लागतील.

मीनाक्षी_ठाणे · रविवार, ८:४०

अरे देवा, मी आयुष्यभर हे कधी बघितलंच नव्हतं. आत्ता माझ्या फोनवर आणि ह्यांच्या फोनवर दोन्हीकडे टाइप करून एकमेकांना पाठवलं आणि शोधलं. खरंच सापडत नाही!

छापवाला · रविवार, ९:३०

डबे छापणं हा माझा धंदा आहे, म्हणून दोन गोष्टी. एक, दुकानात डबा उभा राहतो, कडेवर. लोकांना झाकण दिसत नाही, कड दिसते. तुमच्या डब्याची उंची पाच सेंटीमीटर धरली तर देवनागरी नाव आडवं फिरवूनच छापावं लागतं, अक्षराखाली अक्षर रचलं तर शिरोरेषा तुटते आणि वाचवत नाही. 'नळकोंडाळं'सारखं नाव कडेवर बसतं, पण अक्षर बारीक होतं. दोन छोटे शब्द असले की मोठे बसतात. घरी प्रिंट काढून रिकाम्या बुटाच्या खोक्याला चिकटवा, कपाटात ठेवा आणि तीन पावलं मागे जाऊन बघा.

दुसरी गोष्ट टॅगलाईनची. 'लहानथोरांसाठी' हा शब्द विचार करून टाका. १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तू २०२१ पासून खेळण्यांच्या गुणवत्ता आदेशात येतात, त्यांना आयएसआय चिन्ह लागतं. तुम्ही डब्यावर स्वतःच लिहिलंत की हे लहानांसाठी आहे, तर नंतर वेगळं सांगता येत नाही. माझ्या एका ग्राहकाच्या ३०० डब्यांना याच एका शब्दापायी पट्ट्या चिकटवाव्या लागल्या.

चौकट · रविवार, १०:१५

हे आम्हाला माहीतच नव्हतं! आजच्या आज विचारून घेतो. म्हणजे टॅगलाईनवर '१४+' लिहिलं की सुटलो का?

सनद · रविवार, १०:५०

नुसता आकडा लिहून सुटका होत नाही. खेळ मुळात कुणासाठी रचलाय हे चित्रं, भाषा, जाहिरात सगळ्यांवरून ठरतं. डब्यावर १४+ आणि जाहिरातीत आठ वर्षांची मुलं खेळताना दाखवलीत तर तो आकडा टिकणार नाही. छपाईआधी भारतीय मानक ब्युरोच्या शाखेत किंवा यातल्या सल्लागाराकडे नमुना घेऊन जा. आता नावाकडे वळू या, नाहीतर धागा भरकटेल.

रानमेवा · रविवार, ११:३०

मला कळत नाही एवढी शोधाची काळजी का. चांगला खेळ असेल तर लोक शोधतीलच. 'गो' हा खेळ घ्या, हजारो वर्षं चालू आहे, एकाक्षरी नाव.

अनुस्वार · रविवार, ११:५५

'गो' टिकला कारण शोधयंत्रं यायच्या आधी तो जगभर पोहोचला होता. त्याच नावाची संगणकभाषा निघाली तेव्हा काय झालं माहीत आहे? Go टाकून काही सापडेना म्हणून लोक तिच्या golang.org या मूळ संकेतस्थळावरून golang असं शोधायला लागले, आणि आज ते तिचं जवळजवळ दुसरं नाव झालंय. त्या भाषेमागे गूगल होतं, म्हणून लोकांनी कष्ट घेतले. आपल्या तिघांच्या खेळासाठी कोण घेणार?

डसेलडॉर्फकर · रविवार, १२:२०

उलटं उदाहरणही आहे. 'कटान' १९९५ मध्ये आला तेव्हा नाव लांब होतं, Die Siedler von Catan, म्हणजे कटानचे वसाहतकार. २०१५ मध्ये फक्त Catan ठेवलं. लोक तसंच म्हणत होते आणि तो एकच शब्द दुसऱ्या कशासाठी फारसा प्रसिद्ध नव्हता. वसाहतकार कुणीही असू शकतो, कटान एकच. लांब नाव वाईट नाही, पण त्यातला निदान एक तुकडा फक्त तुमचा हवा.

पटावरचा · रविवार, १:१०

चौकट, आता चर्चा पुरे, मोजणी करा. मी दुसऱ्या खेळाच्या वेळी केली होती, एका संध्याकाळचं काम आहे. ज्यांना खेळ माहीत नाही अशा दहा-बारा जणांना फोन करा. नाव एकदाच सांगा, लिहून पाठवू नका, स्पेलिंग सांगू नका. दुसऱ्या दिवशी त्यांना म्हणा, काल सांगितलेलं नाव मला टाइप करून पाठव. जे येईल ते जसंच्या तसं शोधपेटीत टाका आणि पहिल्या पानावर काय आहे ते लिहून ठेवा. स्वतःच्या फोनवर शोधू नका, त्याला तुमची आवड माहीत असते. खासगी खिडकी उघडा किंवा दुसऱ्याचा फोन घ्या.

चौकट · बुधवार, रात्री १०:०५

केलं! बारा जण, गट पाडले नाहीत, सगळ्यांना नळकोंडाळं सोडून उरलेली चारही नावं सांगितली. त्यामुळे थोडा गोंधळ झाला असेल, पण निकाल बघा.

'वाडा': सात जणांनी Wada, तिघांनी Vada, एकाने Waada, एकाने Vaada. बाराही जणांना नाव आठवलं. आणि बारांपैकी एकाचाही शोध खेळांच्या आसपास पोहोचला नाही.

'बिऱ्हाड': दोघांना आठवलंच नाही. उरलेल्या दहांत Birhad पाच, Birhaad तीन, Birad दोन.

'हंडाकळशी': Handa kalshi सहा, Handakalshi तीन, Handa kalashi दोन, एक Handa kalsi. कितीही प्रकारे लिहिलं तरी शोधात तांब्या-पितळेची भांडी विकणारी दुकानं आणि पाणीटंचाईच्या मोर्च्यांच्या बातम्या.

'नळ आले': Nal aale सात, Nal ale तीन, Naal aale एक, Nal aala एक. पहिल्या पानावर कुठलंच ठाम उत्तर नाही, इकडचं तिकडचं काहीतरी. कुणाचंच राज्य नाही!

गंमत म्हणजे मी आत्तापर्यंत समजत होते की वेगवेगळी स्पेलिंगं येणं हेच वाईट. पण 'वाडा' आणि 'नळ आले' दोन्हींची चार-चारच स्पेलिंगं आली. फरक एवढाच की वाड्याचं चुकलेलं स्पेलिंग दुसऱ्याच्या भरल्या घरात जाऊन पडतं आणि 'नळ आले'चं मोकळ्या जागेत. मोकळ्या जागेत आपण पाटी लावू शकतो.

अनुस्वार · बुधवार, १०:३०

हेच! मोकळ्या जागेतला शब्द असेल तर तुमच्या पानावर एकदा Nal Aale, एकदा Nal Ale आणि देवनागरीत 'नळ आले' असं साध्या वाक्यांत लिहिलंत की हळूहळू शोधयंत्र त्यांना एकत्र बांधण्याची शक्यता वाढते. पटखेळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, BoardGameGeek वर, खेळाची पर्यायी नावं घालायची सोय आहे, तिथेही सगळी रूपं घाला. मुख्य रूप एकच ठरवा आणि डब्यावर देवनागरीच्या खाली तेच छापा, म्हणजे लोकांचा अंगठा त्याच वळणावर जाईल.

डसेलडॉर्फकर · बुधवार, १०:४५

मुख्य रूप Nal Aale ठेवा, दोन a घालून. Nal Ale केलंत तर इंग्रजी वाचणारा त्याला बिअर समजेल. Aale जर्मनमध्ये वाम मासे होतात, अनेकवचन, पण ते चालेल. इथल्या मित्रांना मी सांगेन की वाम नळातून आलीत, विसरणारच नाहीत.

सुलभा_अकोला · गुरुवार, सकाळी ७:२०

माझा शब्द पुण्याच्या डब्यावर! आईला सांगितलं, ती गच्चीवर ओरडायची.

हिंदी बोलणाऱ्यांचंही अडणार नाही. ळ त्यांना जमला नाही तरी 'नल' म्हणजे तोच नळ.

निळू_द · गुरुवार, ९:००

पण पुणेकर 'नळ आले' म्हणत नाहीत हे चौकटताईंनीच लिहिलंय. वाडा पुण्याचा आणि आरोळी वऱ्हाडातली, हे खटकणार नाही का? एकाने Nal aala लिहिलं ते उगाच नाही. आणि 'आले' नुसतं वाचलं तर चहातलं आलंही आठवतं.

मीनाक्षी_ठाणे · गुरुवार, ९:२५

निळूंचा पहिला मुद्दा मलाही पटतो. 'पाणी आलं!' का नको?

पटावरचा · गुरुवार, ९:५०

'पाणी आलं' पावसाळ्यात टाकून बघ, घरात पाणी, रस्त्यावर पाणी, धरणात पाणी. भरलं घर. पण वऱ्हाड-पुण्याचा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पाचातलं एक बिऱ्हाड अकोल्याहून आलेलं दाखवता येईल का?

टॅगलाईनचं बोलू. नाव ओरडायचं आहे, म्हणून ते खेळ काय आहे हे सांगत नाही. ते काम टॅगलाईनचं. 'धमाल', 'कौटुंबिक' हे शब्द कुठल्याही डब्यावर चालतील. त्यांनी कुणाला काही दिसत नाही. टॅगलाईनमध्ये वाडा, बिऱ्हाड, नळ हे तुमचे लाडके शब्द सगळे येऊ द्या.

सुलभा_अकोला · गुरुवार, १०:१०

'पाच बिऱ्हाडं, एक नळ, पाऊण तास पाणी.'

मीनाक्षी_ठाणे · गुरुवार, १०:१२

अंगावर काटा आला.

छापवाला · गुरुवार, १०:४०

बसतंय. आणि पाऊण तास हा खेळायचा वेळही झाला, म्हणजे कोपऱ्यातल्या घड्याळाच्या चित्राला आधार. पण दोघंच खेळत असतील तर पाच बिऱ्हाडं कुठून येणार? ग्राहक हे विचारतात.

चौकट · गुरुवार, ११:३०

छापवाला, दोघं खेळताना उरलेली तीन बिऱ्हाडं पत्त्यांवर चालतात, त्यांचीही भांडी रांगेत लागतात. म्हणजे बिऱ्हाडं कायम पाचच! ही टॅगलाईन मी घेतेय, सुलभाताई. नियमपुस्तिकेत आभार मानायचेत, नाव कसं छापू ते कळवा. नावात आणि टॅगलाईनमध्ये 'पटखेळ' हा शब्द कुठेच नाहीये, तर दुकानांच्या पानावर शीर्षक 'नळ आले: वाड्यातल्या पाण्याचा पटखेळ' असं देऊ आणि डब्यावर फक्त टॅगलाईन.

वर्ग २८ मध्ये आज शोधलं. जसंच्या तसं काही नाही, उच्चारसाम्यात NAL ने सुरू होणारी काही नावं निघाली, ती सनद यांना वैयक्तिक संदेशात पाठवली आहेत.

अकोल्याच्या बिऱ्हाडाबद्दल वहिनीशी बोलले. ती म्हणते, पाचही बिऱ्हाडं वेगवेगळ्या गावांहून आलेली दाखवू आणि प्रत्येकाला आपापली आरोळी देऊ. मित्र म्हणतो, मग डब्यावर कुणाची आरोळी छापायची यावरून आणखी भांडण. अजून ठरलेलं नाही.

गोट्या७८ · गुरुवार, ११:५५

आता कळलं काय चाललंय. माझ्यासाठी दोन डबे ठेवा. आणि ते बुटाच्या खोक्याचं करून बघितलंत का? फोटो टाका.